उत्तर गेले म्हणजे ऑर्डर ठरली असे नव्हे

घरच्या स्वयंपाकघरातून केक, नानखटाई व खारी विकणाऱ्या अनेक भगिनी आता व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग मांडू लागल्या आहेत. पेढीवर माल दाखविणारा, भाव सांगणारा आणि ऑर्डर लिहून घेणारा माणूस बहुधा एकच असतो. येथे मात्र ही कामे तीन निरनिराळ्या सोयींकडे जातात. कॅटलॉग माल दाखवितो, स्वागताचा निरोप आल्या-गेल्याची विचारपूस करतो आणि गैरहजेरीचा निरोप दार लोटलेले असताना उत्तर देतो. ऑर्डर स्वीकारण्याचे काम मात्र यांपैकी कोणीच करीत नाही. ग्राहकाला ते दिसत नाही, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो.

बार्शीतील एका घरगुती बेकरीचे उदाहरण कल्पून पाहू. कॅटलॉगमध्ये आठ जिनसा आहेत. शुक्रवारी रात्री साडेनऊ वाजता एका ग्राहकाने एक किलोचा चॉकलेट केक, रु. ७५०, निवडून कॅटलॉगमधूनच मागणी पाठविली. तत्काळ आपोआप उत्तर गेले : ‘धन्यवाद. आपली मागणी मिळाली. लवकरच संपर्क करू.’ ग्राहक निश्चिंत झाला. वाढदिवस शनिवारी सायंकाळी होता. त्या मागणीत जिन्नस, नग आणि रक्कम होती. तारीख, वेळ आणि केकवर लिहावयाचे नाव यांचा पत्ता नव्हता, कारण मागणीच्या त्या चौकटीत त्यांसाठी रकानाच नाही. सकाळी दहा वाजता निरोप वाचणाऱ्या गृहिणीला तो केक आजच हवा आहे हे कळण्यास मार्ग नव्हता. यात दोष त्या दोन शब्दांचा : ‘मागणी मिळाली’.

त्या जागी असा मजकूर असावा :

‘जय जिनेंद्र. आमची वेळ सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते सायंकाळी ६. आपल्या निरोपाचे उत्तर कामाच्या पुढच्या दिवशी सकाळी ११ पर्यंत देऊ. केकसाठी किमान दोन दिवस आधी कळवावे लागते. हवी असलेली तारीख, वेळ, वजन व केकवरील नाव लिहून ठेवावे. आमच्याकडून “ऑर्डर पक्की” असे उत्तर आल्यावरच ऑर्डर ठरली असे समजावे.’

हा निरोप शुक्रवारी रात्री मिळाला असता, तर ग्राहकाला दोन दिवसांची अट तेव्हाच कळली असती आणि त्याने शनिवारी सकाळी दुसरे दुकान गाठले असते. एक ऑर्डर गेली असती. पण मुलाचा वाढदिवस आणि बेकरीचे नाव दोन्ही राहिली असती. ‘उद्या उत्तर देऊ’ असे लिहू नये. रात्री एक वाजता निरोप पाठविणाऱ्याचा ‘उद्या’ निराळा असतो, आणि शनिवारी रात्रीचा ‘उद्या’ तर सुटीचा रविवार असतो.

हा निरोप ॲपमधील Business tools या भागात Away message येथे लिहावयाचा असतो. तेथील Schedule मध्ये Outside of business hours निवडले की तो कामाच्या वेळेबाहेरच जातो. मात्र त्याआधी दुकानाच्या माहितीत कामाचे दिवस व तास भरलेले असले पाहिजेत. त्याखालील Recipients कडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. Everyone not in address book निवडले तर नणंदेला, मामंजींना असला निरोप जात नाही हे खरे. पण ज्या नेहमीच्या ग्राहकांचे क्रमांक आपण नावाने जतन केले आहेत, त्यांनाही तो जात नाही. म्हणून Everyone except… निवडून घरच्या मंडळींची नावे तेवढी वगळावीत. आणखी एक मर्यादा ध्यानी ठेवावी : फोनला इंटरनेट नसेल तर हा निरोप जातच नाही. रात्री डेटा बंद करून झोपण्याची सवय चांगली असली, तरी या फोनला ती लावू नये.

स्वागताचा निरोप, म्हणजे Greeting message, याविषयी एकच गोष्ट सांगण्याजोगी आहे. तो प्रथमच लिहिणाऱ्याला, किंवा चौदा दिवस काहीच बोलणे झालेले नसेल त्यालाच जातो. दर आठवड्याला खारी मागविणाऱ्या घराला तो कधीच दिसणार नाही. त्यामुळे भाव वाढला, रविवारची सुटी सुरू झाली, असल्या गोष्टी त्यात लिहून ग्राहकांना कळविल्याचे समाधान मानू नये. स्वागतात दोन ओळी पुरेत : आपण कोण, आणि कॅटलॉग पाहून तारखेसह लिहावे ही विनंती.

आता कॅटलॉगकडे वळू. अर्धा किलो व एक किलो या दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात. ‘वजनानुसार भाव’ असे लिहिल्यास मागणीतील बेरीज निरर्थक ठरते. छायाचित्र आपल्याच केकचे असावे. इंटरनेटवरून उचललेले चित्र ग्राहक वचन म्हणून धरतो. नवी नोंद आधी तपासली जाते व मगच ग्राहकांना दिसते, म्हणून सणाच्या आदल्या रात्री नवा जिन्नस चढवू नये.

वर्णनाच्या रकान्यात मात्र हात आखडता घेऊ नये. ‘शुद्ध शाकाहारी’ एवढ्याने आपल्या घरांचे समाधान होत नाही. पाकिटावरील हिरवा ठिपका अंडे व जिलेटिन नसल्याची ग्वाही देतो. परंतु भारतीय नियमांच्या व्याख्येत मध मांसाहारी गणला जात नाही, आणि चकचकीत साखरगोळ्यांवर चढविली जाणारी लाखही नाही. कांदा, लसूण, बटाटा यांचा तर त्या ठिपक्याशी संबंधच नाही. तेव्हा प्रत्येक नोंदीत स्पष्ट लिहावे : ‘अंडे, जिलेटिन, मध नाही. सजावटीचे मणी वापरलेले नाहीत.’ पाव असल्यास ‘खमीर आहे’ हेही लिहावे. अनेक घरे त्यासाठीच विचारतात. आणि जे लिहिले ते कच्च्या मालाच्या पाकिटावर वाचूनच लिहावे.

पर्युषणात किंवा गावी जाताना Away message च्या वेळापत्रकात Custom schedule निवडून सुरुवात व शेवट भरता येतो, आणि जे पदार्थ त्या काळात होणार नाहीत ते कॅटलॉगमधून पुसून न टाकता झाकून ठेवता येतात. पुसले तर छायाचित्रे व वर्णने पुन्हा भरण्याचा खटाटोप.

राहिले ते ‘ऑर्डर पक्की’ हे उत्तर. ते दर वेळी नव्याने लिहू नये. Quick replies मध्ये ते एकदा साठवून `/pakki` असा संकेत द्यावा. तो टाइप करून निवडला की मजकूर लिहिण्याच्या चौकटीत येतो. तेथेच तपशील भरून पाठवावा : ‘ऑर्डर पक्की. चॉकलेट केक १ किलो. मंगळवार, सायंकाळी ५. रक्कम रु. ७५०, विसार रु. ३०० मिळाला, बाकी रु. ४५०.’ हाच मजकूर वहीत उतरवून घ्यावा.

सर्व झाल्यावर परीक्षा घेण्यासाठी असा फोन घ्यावा, ज्यावरून या क्रमांकाला आजवर एकही निरोप गेलेला नाही; घरातील नेहमीच्या फोनवरून पाहिल्यास स्वागताचा निरोप येणार नाही आणि काही बिघडले आहे असा समज होईल. दिवसा एकदा व रात्री आठनंतर एकदा लिहून पाहावे आणि आलेले उत्तर घरातील अशा व्यक्तीला वाचावयास द्यावे जिला बेकरीची काही माहिती नाही. ‘मग केक मिळणार ना?’ असे तिने विचारले, तर मजकूर पुन्हा लिहावा लागेल.