चमचाभर शेवगा आणि रक्तातले लोह

शेवग्याच्या पानांच्या भुकटीच्या पाकिटांवर एक ठरावीक यादी असते: संत्र्याच्या सातपट क जीवनसत्त्व, दुधाच्या चौपट कॅल्शियम, पालकाच्या पंचवीसपट लोह. लोहाची ही तुलना 100 ग्रॅम सुक्या भुकटीची 100 ग्रॅम ओल्या पालकाशी आहे. एवढी भुकटी कोणी खात नाही. क जीवनसत्त्वाचा आकडा तर ताज्या पानांचा. पाला वाळवला की त्यातले बहुतेक निघून जाते.

समजा, ब्रह्मपुरीत हिमोग्लोबिन 8 असलेली बाई तुमच्यासमोर बसली आहे आणि रोज एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम, भुकटी घेते आहे. 100 ग्रॅम भुकटीत साधारण 28 मिलिग्रॅम लोह धरले, तर तिला मिळते 1.4 मिलिग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये प्रौढ स्त्रीसाठी सांगितलेली रोजची मात्रा 29 मिलिग्रॅम आहे. पानांतल्या फायटेट आणि पॉलिफेनॉलमुळे त्या 1.4 पैकीही थोडेच अंगी लागते. जेवणावर चहा घेतला तर आणखी कमी. सरकारी लोहगोळीत 60 मिलिग्रॅम लोह असते. तेवढे भुकटीतून मिळवायचे तर चाळीसहून अधिक चमचे लागतील. उलट, दारातल्या मुंगण्याचा 50 ग्रॅम कोवळा पाला भाजीत घातला तर सव्वादोन मिलिग्रॅमच्या आसपास लोह येते, तेही फुकट. वर लिंबू पिळायला सांगा. भुकटी घ्यायचीच असेल तर दिवसाला चमचाभर, वरणात किंवा कणकेत, पूरक म्हणून.

पण आपल्या भागात खरा प्रश्न आधीचा आहे: हिमोग्लोबिन कमी का? चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात. लोह कमी असेलच असे नाही, आणि वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात ते साचलेलेही असते. अशा रुग्णाला चमचाभर भुकटीतल्या लोहाने फारसा अपाय होणार नाही. अपाय होतो तो भुकटीच्या भरवशावर हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड बंद केल्याने. म्हणून सोल्युबिलिटी चाचणी आधी. ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, आणि मगच आहाराचे बोलणे.

वॉरफरिन घेणाऱ्यांनी भुकटी टाळावी. पानांतले के जीवनसत्त्व औषधाचा परिणाम कमी करते. मूत्रपिंड निकामी होत चाललेल्यांना पोटॅशियम झेपत नाही. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर साखर आणि दाब आणखी उतरू शकतो, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदरपणी पाल्याची भाजी चालते. मूळ आणि साल मात्र अजिबात नाही, आणि अर्काच्या कॅप्सूलही नकोत. साल घातलेली घरगुती औषधे आपल्याकडे अजून दिली जातात, हे विसरू नये.

आहाराच्या नोंदीत ‘शेवगा घेते’ एवढेच लिहून थांबू नका. पाला की भुकटी, किती ग्रॅम, आणि सोबत कोणती गोळी, हे तिन्ही लिहा.