देण्याघेण्यातली साडी आणि आपली नवी लाज

आलेली भेट न वापरता दुसऱ्याला दिली तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाजण्यासारख्या गोष्टी आहेत, पण त्या वेगळ्याच आहेत, आणि त्यांच्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही. एखादीने वाढदिवसाला आलेली बॅग मैत्रिणीला दिली की ग्रुपवर तिची टिंगल होते. आणि तारीख उलटून गेलेला सोनपापडीचा डबा घरकामाच्या मावशींच्या हातात ठेवणाऱ्या काकू 'मनाने फार मोठ्या' ठरतात. हा न्याय उलटा आहे, म्हणून हा लेख.

आधी आपल्याच घरातलं कपाट उघडू. बहुतेक मराठी घरांत एक कप्पा असतो. त्यात 'देण्याघेण्याच्या' साड्या असतात, ओटीत आलेले ब्लाऊजपीस असतात, एखाददुसरी शाल, टॉवेल-टोपी, संक्रांतीच्या वाणातल्या डब्या असतात. हे सामान वापरायला ठेवलेलं नसतं, ते पुढे जायलाच ठेवलेलं असतं. कुणी सवाष्ण दाराशी आली की कप्प्यातून एक ब्लाऊजपीस निघतो, त्यावर नारळ-तांदूळ ठेवून ओटी भरली जाते. तो पीस मागच्या महिन्यात दुसऱ्या कुणीतरी आपल्या ओटीत घातलेला असतो, हे दोघींनाही माहीत असतं. लग्नातल्या टॉवेल-टोपीचं तेच, सत्कारातल्या शालीचंही तेच. दहा सत्कार झालेला माणूस दहा शाली पांघरत नाही. आणि हे कुणी लपवत नाही, हा त्यातला महत्त्वाचा भाग. 'देण्याघेण्याची' हा शब्दच सांगतो की ही वस्तू फिरती आहे.

मग लाज आली कुठून? इंग्रजीतला 'रीगिफ्टिंग' हा शब्द 'साइनफेल्ड' या अमेरिकन मालिकेच्या जानेवारी १९९५ मधल्या एका भागामुळे लोकांच्या तोंडी बसला, आणि तिथे तो टोमणा म्हणूनच आला. आपण शब्द घेतला आणि त्याबरोबर टोमणाही घेतला. त्याच्या जोडीला चमकत्या कागदात गुंडाळलेली, 'खास तुझ्यासाठी' म्हणणारी भेट आली. कागदात गुंडाळलं की प्रत्येक वस्तू खास दिसते, मग ती रिसेप्शनला जाताना वाटेत थांबून घेतलेलं भिंतीवरचं घड्याळ का असेना.

इथे फरक करायला हवा. एक असते मानाची भेट आणि दुसरी मनाची. मानाच्या भेटीत महत्त्व असतं ते आपण आलो, रिकाम्या हाताने आलो नाही, तुमचा मान ठेवला, याला. वस्तू निमित्त असते. ज्या क्षणी ती तुमच्या हातात पडली, त्या क्षणी तिचं काम झालं. मनाची भेट वेगळी. तुमचा चहाचा कप फुटलेला पाहून कुणी कप आणला, तुम्ही शोधत होता ते जुनं पुस्तक कुणी रद्दीवाल्याकडून मिळवलं, मावशीने स्वेटर विणला. ही वस्तू आवडली नाही तरी फिरवायची नाही. ओळखायची खूण सोपी आहे: देणाऱ्याने हीच वस्तू याच दिवशी दुसऱ्या कुणालाही दिली असती का? उत्तर 'हो' असेल तर ती मानाची. खुशाल पुढे द्या.

आपल्याकडे हा फरक नुसता मनात नव्हता, वस्तूवर कोरलेला होता. भांड्यांच्या दुकानात पातेलं घेतलं की दुकानदार विचारायचा, 'नाव घालायचं का?' मग बारीक मशीनने पातेल्यावर 'चि. अमुक हिस, तमुककडून सप्रेम भेट' आणि तारीख उमटायची. हे भांडं फिरवता येत नाही, आणि ते फिरवलं जाऊ नये म्हणूनच देणाऱ्याने नाव घातलेलं असतं. ज्याने नाव घातलं नाही, त्याने वस्तू मोकळी सोडली. म्हणजे भेटीने कायम तुमच्याकडे राहावं असं वाटणाऱ्याकडे ते सांगायची सोय होती. आजही आहे. पुस्तकाच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहा, काम झालं.

'पण देणाऱ्याला कळलं तर वाईट वाटेल ना?' हा नेहमीचा आक्षेप. याचं उत्तर कुणीतरी तपासून पाहिलेलं आहे. गॅब्रिएल ॲडम्स, फ्रान्सिस फ्लिन आणि मायकेल नॉर्टन या तिघांचा अभ्यास २०१२ मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात आला. भेट घेणाऱ्यांना वाटत होतं की ती पुढे देणं हे फेकून देण्याइतकंच अपमानाचं आहे. देणाऱ्यांना मात्र तसं वाटत नव्हतं. फेकून देणं त्यांना जास्त लागत होतं, आणि एकदा दिली की वस्तूचं काय करायचं ते घेणाऱ्याने ठरवावं, असं त्यांचं मत होतं. थोडक्यात, ज्याच्या रागाला आपण घाबरतो त्याला तितका राग येतच नाही. तो अभ्यास अमेरिकेतला आहे, आपल्या आत्याबाईंवर झालेला नाही, हे मान्य. पण आत्याबाईंच्या कपाटातही तो कप्पा आहेच.

आता माझा खरा राग. 'फिरतं ठेवा' या नावाखाली घरातला कचरा खाली ढकलण्याची एक पद्धत आहे. मैत्रिणीला द्यायला जी वस्तू बरी दिसत नाही, ती वॉचमनला जाते. डाग पडलेली साडी, झाकण नसलेला डबा, खवट झालेले अक्रोड; आणि वर 'दिवाळीची भेट' म्हणून, म्हणजे अनेकदा बोनसच्या जागी. हे भेट पुढे देणं नव्हे. समोरचा 'नको' म्हणू शकत नाही याचा तो फायदा घेणं आहे. इथे माझा एकच नियम आहे आणि त्याला अपवाद नाही: जी वस्तू तुम्ही तुमच्या बरोबरीच्या माणसाला संकोच न करता देऊ शकत नाही, ती कुणालाच देऊ नका. कामाच्या माणसाला पैसे वेगळे द्या. वस्तू द्यायचीच तर 'तुम्हाला उपयोगी पडेल का, नाहीतर राहू दे' असं आधी विचारा, आणि 'राहू दे' हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा.

राहिला प्रश्न फजितीचा. फजिती होते ती बहुतेक वेळा आळसामुळे. एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या वास्तुशांतीला डिनर सेट आला. घरात आधीच एक आहे. चार महिन्यांनी ऑफिसातल्या मित्राचं लग्न आहे आणि तो नवं घर मांडतोय. द्यावा का?

पहिला प्रश्न, तो कुणी दिला होता? आठवत नसेल तर थांबा. लग्नघरात पूर्वी आहेराची वही असायची: कुणी काय दिलं, ओळीने लिहिलेलं. ती परतफेडीसाठी असायची, पण आलेलं पातेलं देणाऱ्याच्याच घरी परत जाऊ नये म्हणूनही ती कामाला यायची. आज फोनमध्ये एक नोंद पुरते: वस्तू, देणारा, प्रसंग. ज्या रात्री पाहुणे गेले त्याच रात्री करा, कारण आठवड्याने कागद टाकून दिलेले असतात. समजा नोंदीत नाव निघालं मामेभावाचं. दुसरा प्रश्न, मामेभाऊ आणि हा मित्र एकाच हॉलमध्ये जेवायला बसतील का? नसतील, तर पुढे जा. मामेभाऊही त्याच ऑफिसात असेल, तर हा सेट या लग्नाला नाही.

तिसरं काम खोका उघडण्याचं, आणि फजिती बहुधा इथेच टळते. वरचा कागद काढला म्हणजे झालं असं लोक समजतात. पण आत, ताटल्यांच्या मधल्या पुठ्ठ्यात, 'दादा-वहिनींना नव्या घराच्या शुभेच्छा' अशी चिठ्ठी दडलेली असते. खोक्याच्या तळाला दुकानाचं लेबल असतं. एखादी वाटी चिरलेली असते. सगळे नग काढा, मोजा, परत भरा, नवा कागद लावा. वापरलेला कागद घडीच्या रेघांवरून लगेच ओळखू येतो.

साडीची तपासणी वेगळी. ती पूर्ण उलगडून उजेडात बघा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीवर विरतं, जर काळवंडते, आणि डांबरगोळ्यांचा वास तर दारातूनच सगळं सांगून टाकतो. फॉल-पिको झालं असेल किंवा ब्लाऊजपीस कापला असेल, तर ती न वापरलेली साडी राहिली नाही. ती द्यायची तर 'माझ्यासाठी करून घेतली होती, तुला जास्त शोभेल' असं सांगून द्यायची. खाण्याच्या वस्तूला फक्त तारीख बघायची, आणि आठवड्याच्या आत पुढे पाठवायची. मिक्सर-इस्त्रीची वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात आणि बिल तुमच्याकडे नसतं. म्हणून अशी वस्तू घेणाऱ्याला खरं सांगितल्याशिवाय देऊ नये, नाहीतर बिघाड झाला की तो तुमच्याकडेच बिल मागायला येईल.

आणि खरं सांगणं हाच सगळ्यात सोपा मार्ग आहे. 'हा सेट मला आला होता, माझ्याकडे आहे एक, तू घर मांडतोयस म्हणून तुझ्यासाठी आणला.' जवळच्या माणसाला हे वाक्य चालतं, आणि ज्याला ते सांगायची हिंमत होत नाही त्याच्यासाठी बहुधा नवीन वस्तूच घ्यायला हवी. 'कुठून घेतलीस?' असं विचारलं तर दुकानाचं खोटं नाव सांगू नका. तो बदलून आणायला तिथे जाईल. आणि मूळ देणाऱ्यानेच 'माझं घड्याळ कुठे लावलंस?' असं विचारलं, तर 'धाकट्या बहिणीला हवं होतं, तिच्याकडे आहे' हे बहुतेकांना पुरतं. मात्र ते खरं असायला हवं.

सुरुवात देणाऱ्याकडूनही करता येते. पुढच्या वेळी कुणाला मानाची भेट द्याल तेव्हा देतानाच म्हणा, 'घरात असेल तर पुढे दे कुणाला.' एवढं म्हटलं की समोरच्याला ती वस्तू लपवून ठेवावी लागत नाही. त्याला हवी असेल तर तो वापरेल, नको असेल तर ती देण्याघेण्याच्या कप्प्यात जाईल.