एक पावती, दोन खाती

हट्टा येथील आडत व्यापाऱ्याचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. २०२३-२४ या आर्थिक वर्षात ऑक्टोबरपासून त्याने दुसऱ्या कंपनीत काम सुरू केले. पुढील वर्षी दशलक्षण पर्वाच्या दिवसांत प्राप्तिकर खात्याची नोटीस ई-मेलवर आली, तेव्हा वडिलांचा पहिला प्रश्न होता, ‘लपवले काय?’ मुलाने काहीच लपवले नव्हते. मात्र एकच वजावट त्याने दोनदा घेतली होती. उदाहरण प्रातिनिधिक आहे, आकडे सोयीसाठी गोल घेतले आहेत; परंतु नोकरी बदलणाऱ्या अनेक घरांत हेच घडते.

पहिल्या कंपनीकडून सहा महिन्यांचा पगार ६,००,००० रुपये आणि दुसरीकडून ७,२०,००० रुपये. दोन्ही ठिकाणी त्याने जुनी करप्रणाली निवडली व आयुर्विमा आणि भविष्य निर्वाह निधीची तीच कागदपत्रे दिली. त्यामुळे प्रत्येक कंपनीने ५०,००० ची प्रमाणित वजावट आणि कलम ८०सी खालील १,५०,००० ची वजावट दिली. कायद्यात मात्र ही मर्यादा माणसाला आणि वर्षाला आहे, मालकाला नाही. वडिलांच्या भाषेत सांगायचे तर एकच पावती दोन खात्यांत नावे टाकली गेली.

नव्या कंपनीला जुन्या पगाराचा तपशील फॉर्म १२बी मध्ये दिला असता, तर तिने दोन्ही पगार एकत्र धरून कर कापला असता. तो दिला नाही, म्हणून तिने केवळ स्वतःच्या ७,२०,००० वर हिशेब करून १७,१६० रुपये कापले. पहिल्या कंपनीने वर्षाचे बारा लाख गृहीत धरून सहा महिन्यांत ५८,५०० कापले होते. एकूण कपात ७५,६६० रुपये.

विवरणपत्र भरताना चूक पक्की झाली. विवरणपत्रात ८०सी ची रक्कम दीड लाखाच्या वर जाऊ देत नाहीत. म्हणून मुलाने पहिल्या फॉर्म १६ मधील ढोबळ पगार न घेता वजावटी काढून उरलेले ४,००,००० लिहिले. दुसरीकडील ७,२०,००० पूर्ण लिहून त्यातून पुन्हा दोन लाख वजा केले. करपात्र उत्पन्न ९,२०,००० आले, त्यावरील कर १,००,३६०. उरलेली रक्कम व्याजासह भरून तो निश्चिंत झाला.

पण फॉर्म २६एएस मध्ये दोन्ही मालकांनी दाखवलेला पगार मिळून १३,२०,००० होता आणि विवरणपत्रात ११,२०,०००. कपातीचे श्रेय पूर्ण घेतलेले, उत्पन्न मात्र दोन लाखांनी कमी. ही तफावत संगणकच पकडतो. नोटीस कलम १३९(९) खालील होती, म्हणजे विवरणपत्र सदोष ठरवणारी. उत्तरासाठी पंधरा दिवस असतात. मुदतवाढ मागता येते, परंतु उत्तरच न दिल्यास विवरणपत्र भरलेच नव्हते असे मानले जाते.

योग्य हिशेब असा: १३,२०,००० मधून एकदाच दोन लाख वजा, म्हणजे ११,२०,०००. त्यावरील कर उपकरासह १,५४,४४०. आधीच्या आकड्याहून ५४,०८० रुपये जास्त. त्यावर कलम २३४बी व २३४सी चे व्याज वेगळे, महिन्याला एक टक्का, आणि महिन्याचा एखादा दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरला जातो. म्हणून उत्तर लिहीत बसण्याआधी कर भरणे शहाणपणाचे. भरणा स्वयंनिर्धारण कर म्हणून करून चलनाचा तपशील दुरुस्त विवरणपत्रात घ्यावा लागतो. पोर्टलवर e-Proceedings मध्ये नोटीस उघडून Agree निवडायचे आणि दुरुस्त विवरणपत्र जोडायचे. दोन्ही मालकांचा पगार ढोबळ स्वरूपात स्वतंत्र लिहायचा आणि वजावट एकदाच.

‘कंपनीने चुकीचा फॉर्म १६ दिला’ असे लिहिण्याचा मोह होतो. तो आवरावा, कंपनीने आपल्यापुरता हिशेब बरोबरच केला होता.

एका ठिकाणी मात्र भांडण योग्य ठरते. घरभाडे भत्त्याची सूट महिन्यागणिक मोजली जाते. जुन्या कंपनीने एप्रिल ते सप्टेंबरची आणि नव्या कंपनीने ऑक्टोबर ते मार्चची दिली असेल, तर ती दुहेरी नव्हे. नोटिशीच्या धास्तीने ती सोडून देणारेही आढळतात. भाडेकरार, दोन्ही कालखंडांच्या पावत्या आणि बँकेतील नोंदी ठेवाव्यात व सूट तशीच कायम ठेवावी.

दुरुस्ती न करता प्रकरण निर्धारणापर्यंत गेले, तर कलम २७०ए पुढे उभे राहते. उत्पन्न कमी दाखवल्यास बुडालेल्या कराच्या ५० टक्के दंड, म्हणजे येथे २७,०४० रुपये. आणि अधिकाऱ्याने ती चुकीची माहिती मानली, तर २०० टक्के, म्हणजे १,०८,१६०. पगार मुद्दाम निव्वळ लिहिला की नकळत, हे तेव्हा मुलाला पटवून द्यावे लागले असते. त्याने अकराव्या दिवशी कर भरला आणि त्याच संध्याकाळी दुरुस्त विवरणपत्र चढवून पडताळणीही पूर्ण केली.