‘आधी एक होऊ द्या’

बुधवार पेठेतल्या आमच्या घरात तीन पिढ्यांचा स्वयंपाक एकत्र होतो. घरात नवीन सून आली की तिला एक सल्ला हमखास मिळतो: “आधी एक होऊ द्या, मग काय ते साधन वापरा.” पहिल्या मुलाआधी तांबी बसवली तर पिशवी खराब होते, गोळ्या अंगात साठतात, आणि मग दिवस राहत नाहीत, असं त्यामागचं कारण. हा सल्ला मायेपोटी दिला जातो, हे मला मान्य आहे. तरी तो चुकीचा आहे, आणि त्याची किंमत दर वेळी सुनेच्या नावावर लागते.

माझ्या आजेसासूबाईंची, माईंची, भीती मात्र हवेतून आलेली नाही. 1965 साली सरकारी कार्यक्रमात ‘लूप’ आला, तेव्हा त्या नव्या संसारात होत्या. प्लॅस्टिकचा तो लूप बसवल्यावर अनेकींना खूप रक्तस्राव व्हायचा, पोटात दुखायचं. सरकारी यंत्रणेचं लक्ष किती बसवले या आकड्याकडे. नंतर त्या बायकांची चौकशी करायला फारसं कुणी फिरकत नसे. पुढे अमेरिकेत ‘डाल्कन शील्ड’ नावाचं साधन निघालं. त्याचा दोरा अनेक तंतूंचा होता, त्यातून जंतू वर गर्भाशयात चढत. 1974 साली त्याची तिथली विक्री थांबली, पण गर्भाशयात बसवायच्या सगळ्याच साधनांवर जगभर संशय राहिला.

आजची तांबी वेगळी आहे. तिचा दोरा एकपदरी असतो. बसवताना आधीच संसर्ग असेल तर तो वर जाऊ शकतो, म्हणून पहिले तीन आठवडे जपायचे: ताप, ओटीपोटात दुखणं, वास येणारा स्राव यांपैकी काही झालं तर लगेच दाखवायचं. मेक्सिको सिटीत 1,895 स्त्रियांची पाहणी झाली होती, ती 2001 साली प्रसिद्ध झाली. गर्भनलिका बंद होण्याचा संबंध तांबीशी लागला नाही. तो क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गाशी लागला. आपल्याकडे नलिका बंद करणारं आणखी एक मोठं कारण म्हणजे जननेंद्रियांचा क्षयरोग. माईंच्या यादीत ही दोन्ही नावं नाहीत, कारण त्यांना ती कुणी सांगितलीच नाहीत.

गोळ्यांबद्दलचा समज जरा वेगळ्या वाटेने तयार होतो. माला-डीच्या पाकिटात 28 गोळ्या असतात: 21 संप्रेरकांच्या, 7 लोहाच्या. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की रक्तस्राव होतो, म्हणून पाळी घड्याळासारखी येते. जिची पाळी मुळात अनियमित होती, तिची अनियमितता गोळ्यांखाली झाकली जाते आणि गोळ्या थांबवल्यावर पुन्हा दिसते. घर म्हणतं, गोळ्यांनी बिघडलं. प्रत्यक्षात संप्रेरकं काही दिवसांत शरीराबाहेर पडतात.

एका बाबतीत मात्र ज्येष्ठांचं म्हणणं अंशतः खरं आहे. तीन महिन्यांनी घ्यायच्या ‘अंतरा’ इंजेक्शनचा परिणाम सावकाश ओसरतो. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी दहा महिने लागू शकतात. वंध्यत्व येत नाही, उशीर होतो. लवकर मूल हवं असेल तर हे इंजेक्शन निवडू नये.

आता आमच्याच घरातली गोष्ट, दोघांच्या परवानगीने. माझ्या धाकट्या जाऊबाईंनी तीन वर्षं गोळ्या घेतल्या. थांबवल्यावर चौदा महिने झाले, दिवस राहिले नाहीत. निकाल लगेच लागला: गोळ्या. खरं तर वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर दोघांनी तपासून घ्यायचं असतं. स्त्रीचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच. जाऊबाईंचे नवससायास झाले, सोनोग्राफी झाली, पाळी तर दर 29 दिवसांनी येत होती. भाऊजींची वीर्यतपासणी कुणी सुचवलीही नव्हती. ती सगळ्यांत स्वस्त आणि सोपी: दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोचवायचा. मिलिलिटरला साधारण दीड कोटींच्या पुढे शुक्राणू असणं अपेक्षित असतं. भाऊजींचे चाळीस लाख निघाले. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं. आकडा जवळपास तोच. ज्या गोळ्या जाऊबाईंनी गिळल्या, त्यांनी भाऊजींचे शुक्राणू कसे कमी होतील?

माझा खरा वाद इथे आहे. ‘गोळ्यांमुळे झालं’ या वाक्याने पुरुषाची तपासणी चौदा महिने टळली. मूल न होण्यामागे जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाचंही कारण असतं. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यानंतर शंभर वर्षांनीही पेठेतल्या घरात पहिलं बोट बाईकडेच जातं.

माईंना मी एवढंच म्हटलं, “तुमच्या वेळी जे झालं ते खरंच वाईट होतं. पण ते साधन वेगळं होतं.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या वेळी पुरुषाला तपासायचं असतं, हे कुणी बोललंसुद्धा नाही गं.”