कनिष्ठांचे मार्गदर्शन : ज्येष्ठांच्या लौकिकाचा खरा पाया

जयपूरच्या दुर्गापुरा भागात राजस्थान कृषी संशोधन संस्था आहे. या परिसरातील गहू आणि जव या पिकांना 'मोल्या' रोगाचा जुना त्रास आहे. सूत्रकृमीमुळे होणाऱ्या या रोगाची नोंद शेजारच्या सीकर जिल्ह्यातून 1950 च्या दशकातच झाली होती. ज्येष्ठाने कनिष्ठाला काय द्यावे आणि त्यातून ज्येष्ठाला काय मिळते, हे या रोगाच्या निदानावरून चांगले समजते.

मोल्याग्रस्त शेतात रोपे ठिकठिकाणी खुजी व पिवळी दिसतात. नवखा कृषी पदवीधर ती पाहून नत्राची किंवा जस्ताची कमतरता ठरवतो आणि खताची शिफारस करतो. शेतकऱ्याचा खर्च वाया जातो. सूत्रकृमी जमिनीत तसाच राहतो आणि पुढच्या रब्बीत पिवळे पट्टे अधिक रुंदावतात. दोष मात्र सल्ला देणाऱ्या केंद्राला लागतो.

खरे निदान मुळांवर होते. मात्र रोप ओढून उपटले, तर बारीक मुळे मातीत राहतात आणि पुरावाही तेथेच राहतो. रोप खुरप्याने ढेकळासकट काढून बादलीभर पाण्यात हलक्या हाताने धुवावे लागते. तेव्हा मुळांचा गुंताडा दिसतो. पीक ओंबीवर येण्याच्या सुमारास मुळांना चिकटलेल्या, मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशा पांढऱ्या माद्या दिसू लागतात. पुढे त्या तपकिरी होऊन मातीत गळतात आणि त्यांच्या पोटातील अंडी काही वर्षे जिवंत राहतात. म्हणजे डोळ्यांनी ओळखण्याचा काळ मोजक्या आठवड्यांचा असतो. पुस्तकातील चित्र पाहून ही नजर येत नाही, कोणीतरी बांधावर बसून ती द्यावी लागते.

अशी नजर देण्याचे काम तीन हंगामांत विभागता येते. पहिल्या हंगामात ज्येष्ठाने रोप काढून धुवावे आणि कनिष्ठाने पाहावे. दुसऱ्या हंगामात कनिष्ठाने निदान लिहून द्यावे आणि त्यानंतरच ज्येष्ठाने आपले मत सांगावे. हा क्रम उलटला, तर कनिष्ठ केवळ होकार देण्यास शिकतो. तिसऱ्या हंगामात कनिष्ठाने शेतकऱ्यांसमोर बोलावे आणि ज्येष्ठाने मागच्या रांगेत बसावे. मे-जूनमधील खोल नांगरट, मोहरी किंवा हरभऱ्याची फेरपालट, 'राज एमआर-1' हा गव्हाचा किंवा 'आरडी 2035' हा जवाचा प्रतिकारक्षम वाण, ही शिफारस कनिष्ठाच्या तोंडून आणि अहवालात त्याच्याच नावाने जावी.

येथेच अनेक ज्येष्ठ अडतात. नाव वाटले की लौकिक कमी होतो, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात एका माणसाला त्या मोजक्या आठवड्यांत फार थोडी शेते पाहता येतात. बदली होऊन तीन तालुक्यांत गेलेले तीन कनिष्ठ अचूक निदान करू लागले, की 'हे कोणाच्या हाताखाली शिकले' असा प्रश्न आपोआप विचारला जातो. नव्या गावात पिवळा पट्टा दिसताच पहिला दूरध्वनी त्या ज्येष्ठाला येतो. त्याला विश्वासार्ह नमुने आणि चाचणीसाठी शेते मिळतात. उलट ज्या कनिष्ठाकडून केवळ नमुन्यांच्या पिशव्या वाहून घेतल्या, तो बदलीनंतर संपर्क ठेवत नाही आणि त्याने पाठविलेल्या नोंदींवर विसंबताही येत नाही.

तथापि, या सहकार्याला मर्यादा हवी. अखिल भारतीय समन्वित चाचण्यांत वाण सांकेतिक क्रमांकाने पेरले जातात, कारण ओळखीच्या केंद्राकडून झुकते माप मिळू नये. तोच दंडक माणसांनाही लागू आहे. जुन्या शिष्याने गुरूच्या वाणाचे उत्पादन वाढवून लिहिले, तर दोघांचीही पत जाते. 'तुमचा वाण आमच्याकडे पडला' असे निःसंकोच कळविणारा शिष्य हाच खरा सहकारी. असे लिहिण्याची मोकळीक दुसऱ्या हंगामात, ज्येष्ठाचे मत ऐकण्यापूर्वी स्वतःचे निदान लिहितानाच त्याला मिळालेली असते.

महाराष्ट्रात कपाशीवरील गुलाबी बोंडअळीची डोमकळी ओळखण्याबाबतही हेच घडते. पाकळ्या न उमलता गुंडाळलेले फूल ज्याने कनिष्ठाला झाडावरच उघडून दाखविले, त्याला पुढील हंगामात दूरच्या शिवारातून वेळेवर सूचना मिळते. आपले मार्गदर्शन फळले की नाही, हे ज्येष्ठाने एका प्रश्नावरून ताडावे : गेल्या हंगामात किती जुन्या कनिष्ठांनी आपल्याला प्रतिकूल नोंद कळविली? उत्तर 'एकानेही नाही' असे असेल, तर त्याने अनुयायी जमविले, सहकारी नव्हे.