एक दाबा, दोन दाबा. पण कानाला कळेल असे सांगा!

वीज गेली आहे, घरात काळोख आहे, म्हातारी आई अंथरुणावर आहे आणि घरधन्याने तक्रारीसाठी फोन कानाला लावला आहे. पलीकडून एक ध्वनिमुद्रित बाई मराठीत बोलू लागते: ‘जर आपणास आपल्या परिसरातील विद्युतपुरवठा खंडित झाल्याबाबतची तक्रार नोंदवावयाची असल्यास, कृपया आपल्या दूरध्वनीसंचावरील एक हा अंक दाबावा.’ हे मराठी आहे काय? शब्द मराठी आहेत, एवढेच! ‘जर’ आणि ‘असल्यास’ एकाच वाक्यात कोंबण्याची करामत तर चौथीच्या पोरालाही शोभणार नाही. पण आमचा आजचा वाद व्याकरणाशी नाही. हे वाक्य म्हणायला नऊ-दहा सेकंद लागतात, आणि अशी पाच वाक्ये ओळीने ऐकून झाली की त्या गृहस्थाला पहिला आकडा आठवत नाही. मग तो मुकाट्याने फोन ठेवतो, आणि ‘मराठी सेवेला प्रतिसाद नाही’ असा शेरा मारायला साहेब मोकळे!

छापील मजकूर वाचताना अडखळलेला डोळा मागे वळतो. कानाला ती सोय नाही. जे निसटले ते निसटले. त्यातून हल्ली बटणे फोनच्या पडद्यावर असतात. ती दाबण्यासाठी फोन कानापासून काढून डोळ्यांपुढे धरावा लागतो आणि तेवढ्या वेळात पुढचे वाक्य हवेत विरून जाते. म्हणून सूचना लिहिणाऱ्याने कागदावर ती कशी दिसते हे पाहूच नये. ती एकदाच ऐकून बोट कोठे जाते, हे पाहावे.

आता तीच यादी आम्ही मांडून दाखवतो. ‘तार तुटून पडली असेल, तर एक दाबा. वीज गेली असेल, तर दोन दाबा. बिलासाठी तीन दाबा. दुसऱ्या कामासाठी चार दाबा. पुन्हा ऐकण्यासाठी नऊ दाबा.’ प्रत्येक वाक्याला दोन-तीन सेकंद पुरतात. तुटलेली तार आम्ही पहिली घेतली, कारण तेथे जिवाशी गाठ आहे. त्याखालोखाल ज्यासाठी सर्वांत जास्त लोक फोन करतात ते काम. पाचाच्या वर पर्याय नेऊ नयेत. जास्त कामे असतील तर चारावर दुसरी लहान यादी लावावी.

येथे मराठीची घडण आपल्या बाजूने आहे, हे भाषांतरकारांच्या ध्यानातच येत नाही. इंग्रजीत आकडा आधी आणि काम मागून सांगण्याची खोड शिरते; तसे झाले की ऐकणाऱ्याला आकडा मुठीत धरून कामाची वाट पाहावी लागते. मराठीत काम आधी येते, आकडा त्याच्या मागून आणि क्रियापद शेवटी. आपले काम ओळखले की लगेच आकडा कानी पडतो. शेवटचे ‘दाबा’ काटकसरीने गाळू नये. वाक्याच्या शेवटी आवाज खाली उतरतो. ‘दाबा’ नसेल तर त्या उतारात आकडाच बुडतो. ‘कृपया’ मात्र एकदा आरंभी म्हटले की पुरे. दर वाक्याला वाकून नमस्कार करणारा कारकून कोणाला हवा आहे?

शब्दांबाबत आमच्यावर शुद्धिवादाचा आरोप नेहमी होतो, म्हणून स्पष्टच सांगतो. अग्रलेखात आम्ही ‘देयक’ लिहू, फोनवर ‘बिल’च म्हणावे. ज्या कागदावरचा ग्राहक क्रमांक विचारायचा आहे त्या कागदाला घरोघर बिलच म्हणतात. क्रमांक विचारताना तो बिलावर कोठे छापला आहे हेही एका वाक्यात सांगावे, आणि ‘तारांकित कळ’ असले काही न म्हणता ‘स्टार’ म्हणावे.

खरी फजिती होते ती आकड्यांत. बिलाची रक्कम सांगताना यंत्र आधी मुद्रित केलेले तुकडे जोडून वाक्य तयार करते. इंग्रजीत एक ते एकोणीस आणि वीसपासून नव्वदपर्यंतचे आठ दशक, एवढ्या सत्तावीस तुकड्यांत नव्व्याण्णवपर्यंतचा कारभार भागतो. मराठीत नव्व्याण्णव आकड्यांना नव्व्याण्णव शब्द! २,५४७ रुपये ही रक्कम घ्या. इंग्रजी साच्यात मराठी तुकडे ओतले तर यंत्र म्हणेल, ‘दोन हजार पाच शंभर चाळीस सात’. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘चाळीस सात’ या धर्तीचे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला होता! वर्गात त्याचे काय करायचे ते शिक्षक पाहतील. पण बिल भरणाऱ्याच्या कानाला ‘सत्तेचाळीस’च ठाऊक आहे. तेव्हा एक ते नव्व्याण्णव सगळे शब्द वेगळे मुद्रित केले पाहिजेत. शिवाय नुसते शंभर असतील तर ‘शंभर’, पण १०१ ला ‘एकशे एक’ आणि २०० ला ‘दोनशे’, म्हणून ‘एकशे’पासून ‘नऊशे’पर्यंतचे तुकडे निराळे हवेत. ‘एक रुपया’ आणि ‘दोन रुपये’, ‘एक तक्रार’ आणि ‘तीन तक्रारी’ हा भेदही यंत्राला शिकवावा लागतो. हे सगळे एकाच बाईने, एकाच बैठकीत, एकाच लयीत म्हटलेले असावे; नाहीतर प्रत्येक जोड कानाला ठेच लावतो.

फोनच्या तारेचाही एक स्वभाव आहे. नेहमीची दूरध्वनी वाहिनी साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज पुढे नेते. ‘स’ची धार बरीचशी त्याच्या वरच्या बाजूला असते, ती कापली जाते. त्यामुळे सात, साठ आणि आठ एकमेकांत मिसळतात. ‘एकोणसाठ’ ऐकताना पहिला भाग हुकला की साठच उरते. रकमेला इलाज नाही, ती पुन्हा ऐकण्याची सोय ठेवावी. तक्रार क्रमांक मात्र कधीही जोडून सांगू नये. ४७५९ हा ‘चार, सात, पाच, नऊ’ असा, मध्ये थांबत सांगावा आणि दोनदा सांगावा.

आता भाषानिवडीचे पहिले वाक्य. ‘मराठीसाठी दोन दाबा’ हे इंग्रजीत किंवा कन्नडात सांगणाऱ्या शहाण्यांना आम्ही विचारतो: ज्याला ती भाषा कळते त्याला मराठीची वाट दाखवून उपयोग काय, आणि ज्याला कळत नाही त्याला ती दिसणार कशी? प्रत्येक भाषेचे वाक्य त्या त्या भाषेत असावे. मराठी यादीत कन्नडसाठी सांगायचे असेल तर तेही कन्नडातच सांगावे. न्याय दोघांना एकच.

हे सारे जमले की नाही, याची परीक्षा कचेरीत मसुदा वाचून होत नाही. बाजारातल्या पाच-सहा माणसांना बोलवा. त्यांत एक आजी आणि एक हमाल असू द्या. कागद लपवा, साधा फोन हाती द्या आणि सांगा, ‘तुमची वीज गेली आहे, तक्रार करा.’ मग गप्प बसून पाहा. यादी संपेपर्यंत बोट हलले नाही, तर वाक्ये लांब आहेत. ‘काय म्हणाली?’ असे विचारले, तर शब्द बदला. सगळ्यांनीच एक दाबला, तर पुढचे कोणीच ऐकले नाही असे समजा.