बैतुलमालची चावी

गेल्या जुम्म्याला असरनंतर मी आमच्या मोहल्ल्याच्या बैतुलमालची चावी, तीन वह्या, पासबुक आणि एक जुना मोबाईल दोन तरुणांच्या हाती दिला. सचिव म्हणून माझा राजीनामा कमिटीने आधीच मंजूर केला होता. अनेकांनी विचारलं, "भाई, भांडण झालं का?" भांडण नाही झालं. तब्येत, घर, मुलांची शिक्षणं ही कारणं आहेतच. पण निघताना महिनाभर जे आवराआवर करायला बसलो, त्यात मला माझंच काम जसं दिसलं, ते सांगितल्याशिवाय निघणं बरोबर वाटत नाही.

आमची सुरुवात ऑगस्ट २०१९ च्या महापुरात झाली. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं. कुपवाड उंचावर, त्यामुळे आमची घरं कोरडी आणि खालच्या सांगलीतली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी वर आलेली. मशिदीच्या अंगणात चुली मांडल्या. कोण हिंदू, कोण मुसलमान हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती. पूर ओसरला, मग वर्षभरात कोरोना आला, आणि एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगारांच्या खोल्यांत राशन संपलं. तात्पुरतं म्हणून जमलेले आम्ही आठ-दहा जण तसेच चिकटून राहिलो. पुढे रीतसर न्यास नोंदवला. रमजानमध्ये जकात गोळा करायची, वर्षभर विधवांना राशन, मिरजेला दवाखान्यात पडलेल्यांना औषधं, मुलांची फी. कुणी एक पैसा मानधन घेतलं नाही. याचा आम्हाला अभिमान होता, आणि आज मला वाटतं की आमची पहिली चूक त्या अभिमानातच होती.

आता हिशेबाकडे येतो. आमचं बँक खातं एकच, पण पैसा तीन प्रकारचा. पहिला जकातीचा: अडीच टक्क्यांचा हा पैसा हक्कदाराच्या हातात, त्याच्या मालकीचा करून द्यावा लागतो. आमच्या हनफी मसलकानुसार त्यातून खोलीचं भाडं, टेम्पोचं भाडं किंवा दुरुस्ती भागवता येत नाही. दुसरा लिल्लाहचा, म्हणजे लोकांनी खुशीने दिलेला. असले खर्च त्यातूनच करायचे. तिसरा खात्यावर जमा होणाऱ्या व्याजाचा. तो सवाबाची नियत न ठेवता गरजूला देऊन मोकळं व्हायचं. बँकेला हे तीन पैसे वेगळे दिसत नाहीत. तिथे एकच आकडा असतो. फरक फक्त वहीत राहतो, आणि वही कोण लिहितो? मी.

सोपवण्याआधी तिन्ही वह्यांची शिल्लक काढली. जकात १,५२,००० रुपये, लिल्लाह ५८,३४०, व्याज २१,८००. बेरीज २,३२,१४०. पासबुकात होते २,११,६४० आणि पेटीत रोख ६,२००, म्हणजे २,१७,८४०. वह्या सांगत होत्या त्यापेक्षा १४,३०० रुपये कमी.

दोन रात्री झोप लागली नाही. चोरी कुणी केली नव्हती, हे मला ठाऊक होतं, कारण पेटीची चावी माझ्याकडेच असायची. तिसऱ्या दिवशी पावत्यांचा डबा उलटा केला तेव्हा सापडलं. मागच्या वर्षी पावसाळ्यात लिल्लाहची वही शून्यावर आली होती. त्या दोन महिन्यांत मी राशनच्या खोलीचं भाडं ७,००० रुपये, टेम्पोचे ४,३०० आणि मय्यत ठेवायच्या शीतपेटीच्या दुरुस्तीचे ३,००० खात्यातून दिले. मनात होतं, लिल्लाहचे पैसे आले की वहीत चढवू. पैसे आले, पण चढवायचं राहून गेलं. बँकेत तेव्हा होता तो जवळपास सगळा जकातीचा पैसा. म्हणजे गरिबाच्या हक्काच्या पैशातून मी घरमालकाचं भाडं भागवलं होतं.

इथवर कुणी म्हणेल, त्यात काय, एक नोंद राहिली. मलाही तसंच म्हणायचं होतं. पण त्याच महिन्याच्या पानावर माझ्याच अक्षरातली एक ओळ होती. एका कामगाराच्या बायकोच्या औषधासाठी चार हजार मागितले होते आणि मी लिहिलं होतं, "शिल्लक ठेवावी लागेल, पुढच्या महिन्यात बघू." पुढच्या महिन्यात ते कुटुंब खोली सोडून गावी गेलं होतं. ती बाई आज कशी आहे मला माहीत नाही. त्या दिवशी हात आखडताना माझ्या डोक्यात भाडं होतं की नाही, हेही मी आता छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि न सांगता येणं हीच खरी बोच आहे.

आमच्या मौलानांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितलं, जकात देणाऱ्याने तुला वकील केलं होतं. वकिलाने ती भलत्या ठिकाणी खर्च केली तर भरपाईचा जामीन तोच. कमिटी राजी असेल तर लिल्लाहमधून भरून काढा, नाहीतर तुझ्या खिशातून.

कमिटीपुढे विषय ठेवला. सगळे माझे जिवाभावाचे लोक. एक चाचा हसून म्हणाले, "अरे, तू एवढी वर्षं फुकट राबलास. तुला चौदा हजारांचा हिशेब कोण विचारणार?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. ते वाक्य प्रेमाचं होतं. पण घरी येताना माझ्या लक्षात आलं की गेली सहा वर्षं मी याच वाक्यावर चालत आलोय. फुकट काम करणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. पावती मागणं त्याचा अपमान वाटतो. वही बघायला मागणं म्हणजे शंका घेणं. आणि राबणाऱ्यालाही हळूहळू वाटू लागतं की आपला घाम हीच पावती. मी मानधन घेतलं नाही हे खरं. पण त्याबदल्यात मला जे मिळत होतं ते मानधनापेक्षा महाग होतं. मला कुणी प्रश्न विचारत नव्हतं.

१४,३०० रुपये मी दोन हप्त्यांत माझ्या खिशातून जकातीच्या खात्यात भरले. मोठेपणा म्हणून सांगत नाही. ते माझ्यावर होतेच.

आता मूळ मुद्दा. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. फकीर आणि मिसकीन यांच्यानंतर लगेच तिसरा नंबर आहे जकातीचं काम करणाऱ्यांचा, आमिलीनचा. कर्जदार आणि मुसाफिर त्याच्या मागून येतात. ज्या दीनने गोळा करणाऱ्याचा मोबदला आयतीत लिहून ठेवला, त्याच्या नावाने आम्ही "खिदमतीचे पैसे कसले?" असं म्हणत राहिलो. हजरत अबू बकर यांच्याबद्दलची रिवायत तर आपण सगळ्यांनी ऐकली आहे. खलिफा झाल्यावरही ते कापडाचं गाठोडं घेऊन बाजाराकडे निघाले, तेव्हा लोकांनी त्यांना थांबवून बैतुलमालमधून खर्च ठरवून दिला. आणि वफातीच्या वेळी त्यांनी बैतुलमालची वस्तू पुढच्या खलिफाकडे परत पोचवायला सांगितली. घेणं ठरलेलं होतं, म्हणून परत करायचं काय तेही मोजता आलं.

आपल्या देशात सरकारने नेमलेला आमिल नसतो, त्यामुळे इथल्या वसूल करणाऱ्याला जकातीतून मोबदला द्यावा की नाही यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. त्या वादात पडायची गरज नाही. लिल्लाहमधून द्या. एखाद्या बीकॉम झालेल्या मुलीला आठवड्याचे दोन दिवस मानधनावर वह्या लिहायला ठेवा. पैसे घेणाऱ्या माणसाला विचारता येतं, "या महिन्याची बेरीज जुळली का?" दर महिन्याला तिन्ही वह्यांची बेरीज पासबुक आणि रोखीशी ताडून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. मी ते केलं असतं तर ही चूक तीस दिवसांत सापडली असती.

दुसरं, जाणारा माणूस कागदावरूनही जाऊ द्या. आमचे एक जुने विश्वस्त तीन वर्षांपूर्वी पुण्याला गेले. हार घातला, दुआ दिली, संपलं. सांगलीच्या धर्मादाय कार्यालयात त्यांचं नाव तसंच. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे असा बदल ९० दिवसांच्या आत कळवावा लागतो. त्यालाच आपण चेंज रिपोर्ट म्हणतो. राजीनामा, सभेची नोटीस, ठराव, नव्या माणसाचं संमतीपत्र हे त्याबरोबर जोडायचं. आम्ही केलंच नाही. परिणाम असा की माझ्या जागी नवी सही चढवायला गेलो तेव्हा बँकेने रेकॉर्डवरचे सगळे विश्वस्त मागितले, आणि त्या भल्या माणसाला रजा काढून पुण्याहून यावं लागलं. आता उशिराच्या माफीच्या अर्जासकट त्यांचा आणि माझा, दोन्ही अहवाल दाखल केले आहेत. ते मंजूर होईपर्यंत सरकारदरबारी मी सचिवच आहे. तेवढी जबाबदारी मी झटकणार नाही.

तिसरी गोष्ट वहीत मावत नाही. राशनच्या यादीत एक खाला आहेत. रांगेत त्या कधी येणार नाहीत. मगरिबनंतर मागच्या दाराने पिशवी ठेवायची, बेल वाजवायची नाही. एका घरी तांदूळ नको असतो, साखरेच्या आजारामुळे ज्वारी लागते. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. मी आजारी पडलो असतो तर त्या खालांची पिशवी बंद झाली असती आणि त्या तक्रार करणाऱ्यातल्या नाहीत. म्हणून दोन संध्याकाळी त्या दोन तरुणांना घेऊन घरोघरी फिरलो. वहीत प्रत्येक घरापुढे दोनच ओळी लिहिल्या: काय द्यायचं आणि कसं द्यायचं. का द्यायचं ते लिहिलं नाही. ती वही उद्या कुणाच्याही हातात पडू शकते.

तो जुना मोबाईलही त्यासाठीच दिला. गल्लीच्या तोंडाशी रंगवलेला नंबर त्यातला आहे. रात्री दोन वाजता मिरजेच्या दवाखान्यातून फोन येतो तो त्या नंबरावर. पहिल्या रात्री सवयीने मी उशाशी हात घातला आणि तिथे फोन नव्हता.

त्या दोघांना मी एकच अट घातली. तीन वर्षांनी तुम्हीही चावी द्यायची, आणि त्याआधी दर महिन्याला कुणीतरी तुम्हाला हिशेब विचारायचा. ज्यांनी जकात माझ्या हाती दिली, त्यांनी मला माफ करावं. आणि त्या कामगाराचं कुटुंब कुणाला भेटलं तर एवढंच सांगा, त्यांचे चार हजार आजही बाजूला ठेवलेले आहेत.